एकही हप्ता न चुकवणाऱ्या सरांचा स्कोअर 671 का होता?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवणारे सर. वय 43, हातात येणारा पगार 68 हजार, अनुदानित शाळेतली कायम नोकरी. जानेवारी 2025 मध्ये त्यांनी सांगलीत 42 लाखांचा फ्लॅट बघितला, 12 लाख स्वतःचे जमवले आणि उरलेल्या 30 लाखांसाठी पगार जमा होतो त्याच बँकेत अर्ज केला. आठवड्याभरात उत्तर आलं: सिबिल 671, आमच्या निकषात बसत नाही. सर माझ्याकडे आले ते थोडे अपमानित होऊनच. म्हणाले, "साहेब, आजवर माझा एकही हप्ता चुकलेला नाही. मग हे 671 आलं कुठून?"

मी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली आहेत आणि आता लोकांचे अहवाल वाचून देतो. सरांचं प्रकरण इथं मांडताना ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि तसेच आणखी एक-दोन अर्ज मी बघितले होते त्यांतले धागेही यात विणले आहेत. मात्र ज्या नोंदींमुळे स्कोअर खाली आला, त्या याच प्रकारच्या होत्या.

"एकही हप्ता चुकलेला नाही" हे त्यांचं वाक्य जवळपास खरं होतं. शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज ते अकरा वर्षं फेडत होते. एक संपलं की दुसरं. हप्ता पगारातूनच कापला जाई, त्यामुळे चुकण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्यांच्या अहवालात या अकरा वर्षांची एक ओळही नव्हती. आपल्याकडे भल्याभल्यांना हा धक्का बसतो. क्रेडिट स्कोअर काढणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांना माहिती पाठवतात त्या बँका, नागरी सहकारी बँका, फायनान्स कंपन्या, क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्था. पगारदारांच्या आणि गावोगावच्या पतसंस्था सहसा या साखळीत नसतात. भिशी, सराफाकडची उधारी, सावकार, भावाकडून घेतलेले दोन लाख यातलं काहीच तिथं पोचत नाही. म्हणजे सरांचा सर्वात चांगला इतिहास स्कोअरला दिसत नव्हता. जे दिसत होतं ते वेगळंच होतं.

स्कोअर नेमका कशाचा

300 ते 900 मधला हा आकडा एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: या माणसाचं कर्ज नजीकच्या काळात मोठ्या प्रमाणात थकण्याची शक्यता किती? आकडा जितका वरचा तितकी शक्यता कमी. त्यात पगार धरलेला नसतो. मुदत ठेव, शेत, सोनं, घरात कोण डॉक्टर आहे, काही नाही. पगार बँक बघते, पण वेगळा. स्कोअर फक्त उधारी कशी घेतली आणि कशी फेडली यावरच उभा असतो. त्यामुळे दोन लाख पगाराच्या माणसाचा स्कोअर 640 आणि वीस हजार कमावणाऱ्या दुकानातल्या पोराचा 780 असणं अजिबात विचित्र नाही.

नेमकं सूत्र कंपन्या उघड करत नाहीत. इंटरनेटवर फिरणारी टक्केवारी मी कुणाला फार मनावर घेऊ देत नाही. पण कोणत्या गोष्टी मोजल्या जातात आणि त्यात जड कोणत्या, हे कुणी लपवलेलं नाही. सर्वात जड म्हणजे फेड वेळेवर झाली का. त्याच्या जवळपास, कार्डाच्या मर्यादेतला किती भाग तुम्ही वापरून बसला आहात. मग उधारीचा इतिहास किती जुना, तारण असलेली आणि नसलेली कर्जं कशी मिसळलेली आहेत, आणि अलीकडे किती ठिकाणी कर्ज मागितलं. चारही कंपन्यांची सूत्रं वेगळी आहेत, म्हणून एकाच माणसाचे चार आकडे थोडेफार वेगळे येतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

सर आकड्याचा स्क्रीनशॉट घेऊन आले होते. मी म्हटलं, आकडा राहू द्या, पूर्ण अहवाल काढा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल स्कोअरसकट फुकट मिळतो. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून पॅन आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून तो निघतो. आपणच आपला अहवाल बघितला तर स्कोअर कमी होतो हा समज सरांचाही होता. तसं होत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेनं तुमच्या अर्जावरून बघितला तरच ती चौकशी स्कोअरसाठी मोजली जाते.

अहवालात तीन खाती निघाली आणि चौकशांची एक यादी.

पहिलं खातं: पूर्ण भरलेलं कार्ड, तरी दोषी

सरांकडे 2016 पासून एक क्रेडिट कार्ड होतं, मर्यादा 75,000. किराणा, पेट्रोल, विम्याचा हप्ता, मुलीच्या क्लासची फी, सगळं त्यावरच. पॉइंट मिळतात म्हणून. महिन्याचा खर्च चाळीस-बेचाळीस हजार, आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरायचे, व्याजाचा एक रुपयाही कधी नाही. शिस्त म्हणाल तर उत्तम. पण अहवालात या कार्डापुढे थकबाकी नसली तरी शिल्लक देणं दिसत होतं 66,000. मर्यादेच्या 88 टक्के.

सर चक्रावले, कारण त्यांचं बिलच कधी 42 हजारांवर जात नव्हतं. तारखा मांडल्यावर उलगडा झाला. बिल निघायचं 12 तारखेला, समजा 41,000 चं. भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची 1. सर 1 तारखेलाच भरायचे, कारण पगार त्याच दिवशी जमा व्हायचा. पण मधल्या अठरा दिवसांत कार्ड वापरणं चालूच असे, त्यात आणखी 25,000 चढत. म्हणजे 30 तारखेला कार्डावर 41 आणि 25 मिळून 66 हजार उभे. दुसऱ्या दिवशी 41 हजार भरले की शिल्लक 25 हजारांवर यायची.

आता कार्ड कंपनी माहिती कधीची पाठवते ते बघा. पूर्वी ती महिन्यातून एकदा जायची. 1 जानेवारी 2025 पासून रिझर्व्ह बँकेनं ती पंधरवड्याला सक्तीची केली, म्हणजे 15 तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती. ही माहिती म्हणजे त्या दिवशीच्या खात्याचा एक फोटो असतो. सरांचा फोटो नेमका खातं सर्वात फुगलेलं असताना निघत होता, आणि दुसऱ्या दिवशी ते भरतात हे त्या फोटोत कुठंच नव्हतं. 15 तारखेचाही काही बरा नव्हता: बिलाचे 41 हजार अजून उभेच, वर तीन दिवसांचा खर्च.

सूत्राच्या बाजूनं विचार केला तर त्याचा संशय चुकीचा नाही. पैशाची ओढाताण असलेला माणूस हप्ता चुकवायच्या कितीतरी आधी कार्ड भरत आणतो. 88 टक्के वापरणारा माणूस सोयीसाठी वापरतोय की नाइलाजानं, हे बाहेरून ओळखता येत नाही. वापर 30 टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळीकडे सांगतात. तो अंदाजाचा आकडा आहे, 31 ला काही कडेलोट होत नाही. पण 88 वरून 20 वर आलात तर फरक दिसतो, आणि पुढची एक-दोन वेळची माहिती जाताच दिसू लागतो. स्कोअरमधली ही सर्वात लवकर सुधारणारी बाब आहे.

उपाय फुकटचा होता. बिल 12 ला निघालं की 13 किंवा 14 लाच पूर्ण भरून टाकायचं. त्यासाठी एकदाच काय ते बचत खात्यातले 41 हजार आधी वापरावे लागले, पुढे चक्र आपोआप बसलं. त्यामुळे 15 तारखेला शिल्लक चार-पाच हजार आणि महिनाअखेरीस 25 हजारांच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या एक तृतीयांश. शिवाय कार्डाच्या अॅपमधून मर्यादा वाढवण्याची विनंती टाकली. नऊ वर्षांचं कार्ड, कधी थकलेलं नाही, त्यामुळे ती दीड लाख झाली. आता तेच 25 हजार 17 टक्के झाले. खर्च एका रुपयानंही कमी केला नव्हता.

इथं एक गोष्ट हाणून पाडावी लागली. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सरांना सल्ला दिला होता की कार्डच बंद करा, कटकट नको. बंद केलं असतं तर सरांच्या नावावरची चालू मर्यादा शून्य झाली असती आणि सर्वात जुनं, स्वच्छ खातं थांबलं असतं. ज्याला कार्ड आवरत नाही त्यानं ते जरूर बंद करावं, तिथं स्कोअरपेक्षा पाकीट महत्त्वाचं. सरांना आवरत होतं.

दुसरं खातं: "मिटवलेलं" कार्ड

हे खातं सर विसरूनच गेले होते. 40,000 मर्यादेचं दुसरं एक कार्ड. टाळेबंदीत वहिनींचे शिकवणीचे वर्ग बंद पडले, घरात आजारपण झालं, आणि कार्ड तुडुंब भरलं. ऑगस्ट 2020 अखेरपर्यंत रिझर्व्ह बँकेनं दिलेली हप्त्यांची सवलत होती, तोवर निभावलं. पुढे काही महिने ते फक्त किमान रक्कम भरत राहिले. किमान रक्कम भरली की थकबाकीची नोंद होत नाही, पण उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. मग तेही थांबलं. वसुलीवाल्याचे फोन सुरू झाले, आणि जुलै 2021 मध्ये त्यानं तडजोड सुचवली: एकूण 53,400 होतात, 22,000 भरा, विषय मिटवू. सरांनी भरले, पत्र मिळालं, सुटलो म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवलं. माझ्याकडे आल्यावर म्हटलेल्या "एकही हप्ता चुकलेला नाही" या वाक्यातून हे कार्ड त्यांनी नकळत वगळलं होतं, कारण त्यांच्या लेखी ते मिटलेलं होतं.

बँकेच्या लेखी मात्र 31,400 रुपये बुडाले होते. म्हणून अहवालात खात्यापुढे "क्लोज्ड" नव्हतं, "सेटल्ड" होतं, आणि खाली निर्लेखित रक्कम 31,400. क्लोज्ड म्हणजे सगळं फिटलं. सेटल्ड म्हणजे सावकारानं कमी पैशावर समाधान मानलं. ही नोंद वर्षानुवर्षं राहते. या कंपन्यांना माहिती किमान सात वर्षं ठेवावीच लागते. त्यातही स्कोअरला बसलेला फटका काळ जाईल तसा बोथट होत जातो, पण गृहकर्जाच्या टेबलावर तो तसाच धारदार असतो. अनेक बँकांचे कर्ज अधिकारी सेटल्ड दिसलं की स्कोअर कितीही असो, फाइल बाजूला ठेवतात. माझ्या मते सरांचा अर्ज परत येण्याचं खरं कारण 671 हा आकडा नव्हता, ही ओळ होती. शाखेनं सोपं उत्तर दिलं इतकंच.

यावर उपाय एकच आणि तो पैशाचा: उरलेली रक्कम भरायची. पण कशी भरायची यात लोक फसतात. जुन्या वसुली एजंटच्या यूपीआयवर पैसे पाठवायचे नाहीत. आधी बँकेच्या कार्ड विभागाला ईमेल करून विचारायचं की आजघडीला खात्यावर किती येणं आहे, आणि ते भरल्यावर चारही कंपन्यांकडे खात्याची स्थिती क्लोज्ड म्हणून आणि निर्लेखित रक्कम शून्य म्हणून कळवाल का. हे लेखी आल्याशिवाय भरायचं नाही. सरांना उत्तर यायला तीन आठवडे गेले, दोनदा स्मरणपत्र पाठवावं लागलं. मग 31,400 थेट कार्ड क्रमांकावर भरले, पावती आणि थकबाकी नसल्याचं नवं पत्र घेतलं. जुनं पत्र उपयोगाचं नव्हतं, त्यात तडजोडीचाच उल्लेख होता.

भरून दोन महिने झाले तरी अहवाल बदलला नाही. असं होतंच. तेव्हा सिबिलच्या वेबसाइटवर त्या खात्यावर वाद नोंदवला, पावती आणि पत्र जोडून. तो फुकट असतो. सिबिल स्वतः काही बदलत नाही, ती बँकेला विचारते आणि बँक हो म्हणाली तरच नोंद हलते. पण तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची, असा नियम 2024 च्या एप्रिलपासून लागू आहे. सरांचं काम तीस दिवसांच्या आतच झालं. खातं क्लोज्ड झालं. मात्र 2020-21 मधले थकलेल्या दिवसांचे आकडे खात्याच्या महिनावार चौकटीत तसेच राहिले. ते खरे होते, ते जाणार नव्हते.

याच सुमारास सरांना एक गृहस्थ भेटले होते. 18,000 रुपयांत सिबिल "क्लीन" करून देतो म्हणाले. ही मंडळी करतात काय, तर खऱ्या नोंदींवरही सरसकट वाद टाकतात. बँक "माहिती बरोबर आहे" म्हणून कळवते, नोंद जागेवर राहते, आणि पैसे गेलेले असतात. चुकीची नोंद असेल तर ती तुम्ही स्वतः फुकटात दुरुस्त करू शकता. खरी असेल तर 18 हजार काय, 18 लाखांनीही हलत नाही.

तिसरं खातं: मेहुण्याचा टेम्पो

2023 मध्ये सरांच्या मेहुण्यानं जुना टेम्पो घेतला, फायनान्स कंपनीकडून 4 लाख 80 हजारांचं कर्ज. जामीनदार सर. सही करताना त्यांना वाटलं होतं की ही फक्त ओळखीची सही आहे. अहवालात ते कर्ज सरांच्या खात्यांच्या यादीत होतं, मालकीच्या रकान्यात "जामीनदार" असं लिहून, आणि त्याखालची महिनावार चौकट लाजिरवाणी होती: 010, 011, 010, 011, मध्ये एकदा 041, पुन्हा 010.

हे आकडे म्हणजे त्या महिन्याच्या अखेरीस हप्ता किती दिवस थकलेला होता ते. 000 म्हणजे काहीच थकलं नाही. मेहुण्यानं एकही हप्ता बुडवला नव्हता. तो भाजी वाहायचा, व्यापारी त्याचा हिशेब महिन्याच्या पहिल्या आठवड्यात करायचे, आणि कंपनीची हप्त्याची तारीख होती 20. पैसे यायचे पुढच्या महिन्याच्या पाच-सहा तारखेला. त्यामुळे दर महिनाअखेरीस 20 ते 30 असे दहा दिवस, 31 चा महिना असेल तर अकरा दिवस थकलेले दिसत. 041 आला त्या महिन्यात टेम्पोचं इंजिन उघडावं लागलं होतं आणि एक हप्ता पूर्ण पुढे गेला.

माणूस प्रामाणिक आणि पैसेही येत होते. घोळ फक्त तारखेचा होता. फायनान्स कंपनीच्या शाखेत जाऊन हप्त्याची तारीख 20 वरून 10 करून घेतली. त्यासाठी बँक खात्यातून आपोआप कपात होण्याचं नवं संमतीपत्र द्यावं लागलं, थोडं शुल्क लागलं आणि मधल्या वीस दिवसांचं व्याज. पुढच्या महिन्यापासून चौकटीत 000 यायला लागले. जुने आकडे राहिले, पण ते मागे सरकत जातात. अहवालात महिनावार इतिहास 36 महिन्यांचा दिसतो, आणि ताज्या उशिराचं वजन जुन्यापेक्षा नेहमीच जास्त.

जामिनातून मोकळं होता येईल का, हे सरांनी विचारलं. कर्ज देणाऱ्याच्या संमतीशिवाय नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कंपनीला आधी मेहुण्याच्या मागे लागण्याचंही बंधन नाही. दुसरा जामीनदार आणून दिला तर कंपनी विचार करते, एरवी हप्ते संपेपर्यंत थांबणं आलं. आपल्याकडे मेहुण्याला नाही म्हणणं किती कठीण ते मला ठाऊक आहे. पण ज्याला पुढच्या दोन-तीन वर्षांत स्वतःचं घर घ्यायचं आहे त्यानं दुसऱ्याच्या कर्जावर सही करू नये, असं मी नात्यातल्या लोकांनाही तोंडावर सांगतो.

चौकशा

बँकेनं नाही म्हटल्यावर सरांनी चिडून एका कर्ज तुलना करणाऱ्या अॅपवर माहिती भरली. पुढच्या अडीच आठवड्यांत अहवालात सहा संस्थांच्या चौकशा उमटल्या, त्यातल्या निम्म्या गृहकर्जाच्या नव्हत्याच, वैयक्तिक कर्जाच्या होत्या. अर्ज नाकारला गेला आणि लगेच सहा ठिकाणी दार वाजवलं, हे चित्र कुणालाही सावध करतं. तसा एकेका चौकशीचा फटका थोडाच असतो आणि काही महिन्यांत विरतो. उपाय म्हणजे हात आवरणं. सरांना मी सांगितलं, कामं पुरी होईपर्यंत कुठंही अर्ज नाही, दुकानात फ्रिजसाठी "बिनव्याजी हप्ता" विचारणंसुद्धा नाही. तिथंही मागे एक फायनान्स कंपनी असते आणि तिथं अर्ज भरला की चौकशीही होते, खातंही उघडतं.

महिने आणि आकडे

फेब्रुवारीत कार्डाच्या तारखा बदलल्या आणि टेम्पोचा हप्ता सरकवला. एप्रिलच्या अहवालात 671 चे 704 झाले. माझ्या अंदाजानं यातला मोठा वाटा कार्डाचा होता. जुन्या कार्डाची रक्कम मेमध्ये भरली, नोंद ऑगस्टमध्ये बदलली आणि आकडा 729 झाला. ती नोंद बदलली तेव्हा स्कोअर उडी मारेल अशी सरांची अपेक्षा होती. उडी नव्हती, कारण खात्याची स्थिती सुधारली तरी मागच्या उशिराचा इतिहास तिथंच होता. तरीही माझ्या दृष्टीनं सर्वात मोलाचे 31,400 तेच होते, कारण त्यांच्यामुळे फाइल टेबलावर तरी राहणार होती. ऑक्टोबर अखेरीस स्कोअर 746.

हे आकडे कुणी आपल्यावर लावून बघू नयेत. ज्याचा इतिहास फक्त दोन वर्षांचा आहे, किंवा ज्याचं उशिराचं प्रकरण गेल्या सहा महिन्यांतलं आहे, त्याला याच उपायांनी इतकं मिळणार नाही. सरांच्या बाजूनं दोन गोष्टी होत्या: नऊ वर्षांचं एक स्वच्छ कार्ड, आणि थकबाकीला चार वर्षं उलटलेली.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा अर्ज केला, त्याच बँकेत. या वेळी अर्जासोबत न मागता तीन कागद जोडले: जुन्या कार्डाचं नवं पत्र, टेम्पो कर्जाचा खातेउतारा, आणि पतसंस्थेचा अकरा वर्षांचा परतफेडीचा दाखला. पतसंस्थेचा दाखला स्कोअरमध्ये जात नाही, पण फाइल माणूस वाचतो, आणि अधिकाऱ्यानं त्याची नोंद घेतली. टेम्पोचा हप्ता मेहुण्याच्याच खात्यातून जातो हे उताऱ्यावरून दिसलं, त्यामुळे तो सरांच्या परतफेडीच्या क्षमतेतून वजा केला नाही.

कर्ज मंजूर झालं, पण एक पायरी खाली. त्या बँकेत 750 आणि वरच्यांना 7.75 टक्के होता, 725 ते 749 ला 8 टक्के. चार गुणांसाठी पाव टक्का. 30 लाख, वीस वर्षं धरली तर हप्ता 24,628 ऐवजी 25,093, म्हणजे महिन्याला 465 रुपये जास्त आणि मुदतभरात एक लाख अकरा हजारांच्या आसपास. सरांनी विचारलं, आणखी दोन महिने थांबू का? बिल्डर डिसेंबरनंतर भाव वाढवणार होता, आणि वाढ पाव टक्क्याच्या हिशेबापेक्षा मोठी होती. त्यांनी कर्ज घेतलं.

मंजुरीपत्रात एक कलम आहे ते मी त्यांना खूण करून दिलं. फ्लोटिंग गृहकर्जाच्या दरात रेपोसारख्या बाहेरच्या दरावर बँक जी भर घालते, तिच्यातला जोखमीचा भाग कर्जदाराची पत लक्षणीय बदलली तर बदलता येतो, आणि तो कसा बदलेल हे करारात लिहिलेलं असतं. सरांच्या करारात वर्षातून एकदा स्कोअर तपासून दराचा फेरविचार मागण्याची सोय आहे, अर्ज कर्जदारानं करायचा. बँक स्वतःहून फोन करणार नाही. सरांच्या घराचा पहिला हप्ता डिसेंबरच्या 7 तारखेला गेला. मेहुण्याच्या टेम्पोचे अजून अकरा हप्ते बाकी आहेत, आणि दर महिन्याच्या 11 तारखेला सर त्याला फोन करून हप्ता कापला गेला का ते विचारतात.